दोन आडत दुकानं, एकच सोयाबीन: हिशोब पट्टी ओळीओळीने ताडून पाहताना

मोंढ्यात सोयाबीन घेऊन जाणारा माणूस चौकशी करतो ती भावाची. एका आडतीवर ४,५६० निघतो, शेजारच्या दुकानावर ४,५००. क्विंटलमागे साठ रुपयांचा फरक, म्हणजे वीस क्विंटलला बाराशे रुपये. मग गाडी कुठे वळवायची याचा विचार करायला उरतंच काय? उरतं ते हिशोब पट्टीत. भाव ही पट्टीतली एक ओळ असते. त्या ओळीच्या वर वजन असतं, खाली कपाती असतात, आणि हातात पडणारी रक्कम या तिन्हींतून निघते.

इथे एकाच मालाच्या दोन पट्ट्या शेजारीशेजारी मांडल्या आहेत. माल ४० कट्टे सोयाबीन, प्लॅस्टिकच्या बारदान्यात, काट्यावर बारदान्यासकट भरलेलं वजन २,०४५ किलो. भाव आणि हमालीचे दर समजण्यासाठी घेतलेले आहेत. तुमच्या बाजार समितीचे दर वेगळे असतील, पण ओळी याच असतात आणि खेळही याच ओळींत होतो.

| ओळ | दुकान अ | दुकान ब |
|---|---|---|
| काट्यावरचं एकूण वजन | २,०४५ किलो | २,०४५ किलो |
| बारदाना वजा | २० किलो | ५ किलो |
| माती-काडी (कडता) वजा | २० किलो | नाही |
| पट्टीवरचं निव्वळ वजन | २,००५ किलो | २,०४० किलो |
| भाव, क्विंटलला | ४,५६० | ४,५०० |
| मालाची किंमत | ९१,४२८.०० | ९१,८००.०० |
| हमाली | ७२०.०० | ४८०.०० |
| तोलाई | १६०.०० | १६०.०० |
| बाजार फी | ९१४.२८ | खरेदीदाराकडे |
| वटाव दीड टक्का | १,३७१.४२ | नाही |
| धर्मादाय | ५०.०० | नाही |
| एकूण कपात | ३,२१५.७० | ६४०.०० |
| देय रक्कम | ८८,२१२.३० | ९१,१६०.०० |

साठ रुपये जास्त भाव देणाऱ्या दुकानातून २,९४७ रुपये कमी मिळाले. पट्ट्यांची तुलना करताना एकच आकडा काढा: देय रक्कम भागिले मालाचं खरं निव्वळ वजन. खरं वजन म्हणजे पट्टीवर लिहिलेलं नाही, तर फक्त बारदान्याचं खरं वजन वजा करून उरलेलं. इथे ते २०.४० क्विंटल आहे. दुकान अ ने प्रत्यक्षात ४,३२४ रुपयांनी माल घेतला, दुकान ब ने ४,४६९ रुपयांनी. बोलीतला भाव विसरा, हे दोन आकडे शेजारी ठेवा. पट्टीवरच्याच वजनाने भागलंत तर अ चा भाव ४,४०० च्या जवळ दिसतो, कारण कापलेले पस्तीस किलो भागाकारातूनच गायब होतात.

आता फरक कुठून आला ते पाहू. मोठा वाटा वजनाचा आहे आणि तो सगळ्यात कमी दिसतो, कारण वजनातली कपात रुपयांच्या रकान्यात येतच नाही.

पन्नास किलोचा प्लॅस्टिक कट्टा साधारण सव्वाशे ग्रॅम भरतो. चाळीस कट्ट्यांचे पाच किलो झाले. दुकान अ ने प्रत्येक कट्ट्याला सरसकट अर्धा किलो बारदाना धरला. ही सवय तागाच्या पोत्यांच्या काळातली. तागाचं पन्नास किलोचं पोतं अर्ध्या किलोच्या पुढेच जातं, म्हणून तिथे अर्धा किलो चुकीचा नाही. प्लॅस्टिकला मात्र तोच आकडा लावला की कट्ट्यामागे पावणेचारशे ग्रॅम सोयाबीन फुकट जातं. उपाय अगदी साधा: माल रिता झाला की दहा रिकामे कट्टे एकत्र त्याच काट्यावर टाका. सव्वा-दीड किलो दिसेल. तो आकडा मापाड्याला काटापट्टीवर लिहायला लावा. एकच कट्टा टाकून पाहू नका, मोठ्या काट्याला तेवढं वजन नीट दिसत नाही.

माती-काडीचा क्विंटलमागे एक किलो कडता हा दुसरा भाग. सौदा होताना खरेदीदाराने माल हातात घेऊन, ओंजळीत चोळून, फुंकून पाहिलेला असतो. माती पाहूनच त्याने भाव बोललेला असतो. मग भावात माती धरून वजनातही पुन्हा माती कापणं म्हणजे एकाच मातीचे दोनदा पैसे घेणं. माल खरोखरच खराब असेल तर भाव पाडून बोलावा, तो तुम्हाला कळतो आणि नको असेल तर नाही म्हणता येतं. वजनात गुपचूप गेलेला किलो नाकारण्याची संधीच मिळत नाही. दोन्ही मिळून अ च्या पट्टीत पस्तीस किलो गेले, ४,५६० च्या भावाने १,५९६ रुपये. तोल घेताना शेवटचे ग्रॅम सोडून देण्याची रीत असेल तर त्यात आणखी भर पडते. काटा अर्ध्या किलोपर्यंत खाली धरला तर दर तोलाला सरासरी पाव किलो सुटतो, आणि दोन-दोन कट्टे तोलले तर वीस तोलांचे पाच किलो होतात.

बाजार फीची ओळ पाहिली की आधी ती कुठल्या रकान्यात आहे ते बघा. महाराष्ट्राच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याच्या कलम ३१ नुसार बाजार फी खरेदीदाराकडून घ्यायची असते. देखरेख खर्चही त्याच्याच बाजूचा. आडत्या ती खरेदीदाराच्या बिलात लावतो आणि समितीकडे भरतो. तेव्हा शेतकऱ्याच्या पट्टीवर बाजार फी छापलेली असायला हरकत नाही, माहिती म्हणून रक्कम लिहून 'खरेदीदाराकडून' असा शेरा असला की ती पट्टी बरोबर. पण ती रक्कम तुमच्या किमतीतून वजा झाली असेल तर ती एकतर दोघांकडून घेतली जातेय, नाहीतर खरेदीदाराचा बोजा तुमच्यावर टाकून त्याला स्वस्तात माल दिला जातोय. अ च्या पट्टीवर हे ९१४ रुपये वजा आहेत. दुकानदाराला 'ही फी समितीच्या कोणत्या पावतीवर भरली, पावतीचा नंबर सांगा' असं विचारलं की पुष्कळदा ओळ निघून जाते.

आडतीची, म्हणजे आडत्याच्या दलालीची, ओळ या दोन्ही पट्ट्यांवर नाही. फळं आणि भाजीपाल्याची आडत २०१६ च्या जुलैपासून राज्यात खरेदीदाराकडून घ्यायची आहे, त्यामुळे मोसंबी किंवा टोमॅटोच्या पट्टीवर ती वजा दिसली तर थेट बोलता येतं. धान्य आणि तेलबियांच्या पट्टीवर दिसली तर दुकानात वाद न घालता समितीच्या कार्यालयातला दरफलक पाहा. आडत, हमाली, तोलाई यांचे मंजूर दर आणि ते कोणी द्यायचे हे तिथे लिहिलेलं असतं. फलकावर नसलेली कोणतीही ओळ पट्टीवर असू नये, मग तिचं नाव धर्मादाय असो, गोशाळा असो की नमुना. पन्नास रुपये फार नाहीत, देणगी द्यायची तर खुशाल द्या, पण ती तुम्ही दिलेली असावी, पट्टीने कापलेली नव्हे.

हमालीत मेख वेगळी आहे. गाडीतून कट्टे उतरवून काट्यापर्यंत नेण्याची उतराई विक्रेत्याची, हे रीतसर आहे. तोल होऊन सौदा पुरा झाला की माल खरेदीदाराचा. तिथून पुढची शिलाई, थप्पी, त्याच्या ट्रकमध्ये भराई ही सगळी त्याची. अ च्या पट्टीवर हमाली ७२० आहे, म्हणजे कट्ट्याला अठरा रुपये. ब कडे बारा. हमाल तेच, दरही समितीचा तोच. वरचे सहा रुपये भराईचे आहेत आणि ते 'हमाली' या एका शब्दात मुरवले आहेत. म्हणून पट्टीवर 'हमाली' अशी गोळाबेरीज नको, 'उतराई ४० × १२' असं नग आणि दर दिसलं पाहिजे. ज्या दुकानाची पट्टी नग गुणिले दर अशी असते, त्या दुकानाशी भांडण कमी होतं.

वटावाकडे थोडं थांबून पाहायला हवं, कारण तो माणूस स्वतःच्या तोंडाने मागून घेतो. 'पैसे आज रोख पाहिजेत तर दीड टक्का, पंधरा दिवसांनी आलात तर काही नाही.' ऐकायला रास्त वाटतं. पण बाजार समितीच्या नियमाप्रमाणे मोजमाप झाल्यावर पैसे २४ तासांत मिळाले पाहिजेत. जे मुळातच तुमचं आहे ते वेळेवर देण्यासाठी दीड टक्का घेतला जातो. पंधरा दिवसांना दीड टक्का म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला छत्तीस. गावात उसनवारी करणाऱ्यालाही हा दर जड वाटेल. आणि नुसती ही एकच ओळ क्विंटलला अडुसष्ट रुपये खाते, म्हणजे साठ रुपयांच्या जास्त भावाचा फायदा हिनेच संपवला.

समजा दुकान ब ने पैसे द्यायला पंधरा दिवस लावले. तुम्हाला बी-खताची उधारी फेडायची आहे आणि तेवढ्या दिवसांसाठी महिना दोन टक्क्यांनी पैसे उचलावे लागले, तर ९११ रुपये व्याज जाईल. तरीही ९०,२४८ उरतात, अ पेक्षा दोन हजारांनी जास्त. इथे हिशोबापेक्षा दुकानाची पत महत्त्वाची. पंधरा दिवसांचा वायदा देणारं दुकान नवं असेल, पट्टीवर परवाना क्रमांक नसेल, खरेदीदाराचं नाव लिहिलेलं नसेल, तर दोन हजारांसाठी नव्वद हजार अडकवू नका. उशिराचा धनादेश घेऊन घरी जाण्यापेक्षा कमी भावाला खात्यात जमा झालेले पैसे बरे.

इथवर वाचून ब कडेच जायचं असं ठरत असेल, तर एक हिशोब अजून बाकी आहे. अ ने ४,५६० चा भाव ठेवून पट्टी ब सारखी काढली असती तर? २०.४० क्विंटलचे ९३,०२४, त्यातून ६४० वजा, हातात ९२,३८४. ब पेक्षा १,२२४ जास्त. म्हणजे भाव खोटा नव्हता, पट्टी वाईट होती. म्हणून सौदा होण्याआधीच अ ला विचारायचं: बारदाना किती धरणार, कडता आहे का, वटाव आहे का. तीनच प्रश्न, तेही हमालाने कट्टे उतरवायच्या आधी, कारण माल एकदा फरशीवर उतरला की परत भरायची हमाली तुमच्याच अंगावर पडते आणि दुकानदाराला ते माहीत असतं. अ ने नुसता वटाव आणि बाजार फी सोडली, वजनाचा हट्ट कायम ठेवला, तर तुम्हाला ९०,४९८ मिळतात, ब पेक्षा अजूनही कमीच. वजन सुटल्याशिवाय अ परवडत नाही, घासाघीस तिथून सुरू करा.

ओळखीच्या दुकानाची गोष्ट वेगळी. पेरणीच्या वेळी उचल घेतली असेल तर माल त्याच आडतीवर टाकावा लागतो, निवडीचा प्रश्न तिथे निम्मा संपतो. तरी एवढं पाळा की उचल आणि तिचं व्याज देय रकमेच्या खाली, वेगळ्या ओळीत यावं. 'मालाची किंमत, वजा कपात, देय रक्कम' इथपर्यंत पट्टी पुरी झाली पाहिजे आणि मग 'उचल वजा, शिल्लक'. उचल वरच्या कपातीत मिसळली की दर क्विंटलचा खरा भाव काढता येत नाही, आणि व्याज किती लागलं तेही झाकलं जातं.

कच्च्या चिठ्ठीवर काम भागवणारी दुकानं आहेत. वहीच्या पानावर कट्टे, भाव, रक्कम, खाली सही. पैसे मिळतात, पण कागद नाही. २०१६ च्या हंगामात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये बाजार समितीत विकलेल्या सोयाबीनला राज्याने क्विंटलला २०० रुपये, २५ क्विंटलपर्यंत अनुदान दिलं. २०२३ मध्ये फेब्रुवारी-मार्चच्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, २०० क्विंटलपर्यंत दिलं. दोन्ही वेळा अर्जाला विक्रीची पट्टी लावायची होती. आपल्या वीस क्विंटलच्या उदाहरणात सोयाबीनचे ते चार हजार रुपये होतात, कोणत्याही भावाच्या फरकापेक्षा जास्त. पट्टीवर सातबाऱ्यावरचंच नाव हवं. बटईने केलेलं रान असेल तर ट्रॅक्टर आणणाऱ्याच्या नावाने पट्टी निघते आणि पुढे अडते. अजून एक, पट्टीत जीएसटीची ओळ दिसली तर ती कापून टाकायला सांगा. शेतमालाच्या आडतीच्या सेवेवर आणि शेतमालाच्या चढ-उतारावर जीएसटी नाही.

लातूरकडच्यांना तिसरा पर्यायही असतो, माल थेट सोयाबीन तेलाच्या प्लँटवर नेण्याचा. तिथला भाव मोंढ्यापेक्षा वर दिसतो. समजा ४,६२०. अट ओलाव्याची, १० टक्क्यांच्या वर प्रत्येक टक्क्याला एक टक्का वजन कमी. तुमच्या मालात १२ टक्के ओलावा आहे असं मशीनने दाखवलं तर २,०४० किलोचे १,९९९ किलो २०० ग्रॅम होतात आणि किंमत ९२,३६३. प्लँटवर वटाव नाही, कडता नाही, पण लांबचं भाडं आहे. जादा भाडं पंधराशे धरलं तर हातात ९०,८६३, म्हणजे ब च्या तीनशे रुपये खाली. ओलावा १३ लागला तर अजून ९४२ गेले. म्हणजे प्लँटची पट्टी मोंढ्यापेक्षा साफ असली तरी तिची सगळी मदार त्या एका मशीनवर आहे. निघण्याआधी बाहेर कुठे तरी ओलावा मोजून घ्या, मधल्या थरातला आणि तळातला नमुना मिसळून. वरच्या उन्हाने वाळलेल्या दाण्यांचा नमुना घेतला तर घरी ११ आणि गेटवर १३ असं होतं. साडेअकराच्या आत माल असेल आणि ट्रक भरेल एवढा असेल तर प्लँट परवडतो. वीस क्विंटल पिकअपमध्ये घेऊन जाणाऱ्याला धर्मकाट्याचाही थोडा तोटा बसतो, कारण मोठा धर्मकाटा दहा-दहा किलोंनी सरकतो. भरलेल्या आणि रिकाम्या गाडीच्या दोन तोलांत दहा किलोचा फरक आला तरी चारशे साठ रुपये जातात. पन्नास क्विंटलला तेवढ्याच फरकाचा टोचा कमी.

वादाची वेळ आली तर क्रम लक्षात ठेवा. काटापट्टी मापाड्याकडून मापाच्या जागीच घ्या, तिच्यावर प्रत्येक तोल लिहिलेला असतो. हिशोब पट्टीवरचं वजन तिच्याशी जुळवा. काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का आहे का ते पाहा, इलेक्ट्रॉनिक काटा दर वर्षी तपासावा लागतो. पट्टी चुकीची वाटली तर पैसे घेऊन सही करण्याआधी तसं सांगा. दुकानात ऐकलं नाही तर माल दुकानाच्या फरशीवर असतानाच समितीच्या सचिवांकडे जा. खरेदीदाराने माल उचलून ट्रकमध्ये भरला की बारदान्याचं आणि मातीचं भांडण सिद्ध करायला काही राहत नाही. बाजार फी, वटाव आणि जादा हमाली यांची तक्रार मात्र पट्टीच पुरावा असल्याने नंतरही करता येते, म्हणून पट्टीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. त्या कागदाची शाई वर्षभरात उडते.